कॅनमधलं पाणी

नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. बारामतीतल्या एका छोट्या दैनिकात मी पानं लावायचे. फोटो स्कॅन करायचे, मथळे बसवायचे, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. रोज कन्हेरीहून येऊन-जाऊन करायचे.

त्या आठवड्यात भिगवणला धरणाच्या फुगवट्यात मासे मरून काठाला लागले होते. पाण्यात विष कालवलंय, अशी बोलवा उठली. कुणी कालवलं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

एका संध्याकाळी दोन माणसं ऑफिसात आली. एकाने फ्लॉपी माझ्या टेबलावर ठेवली. "उद्याच्याला पहिल्या पानावर पायजे."

फ्लॉपीत एकच फोटो होता. काठावर उभा राहून एक माणूस पांढरा कॅन पाण्यात ओततोय. त्याला मी ओळखत होते. भिगवणचे मासळीचे व्यापारी, मुसलमान, सगळे त्यांना चाचा म्हणत. हा फोटो छापला तर सकाळी त्यांच्या दुकानाचं काय होईल, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

"कुणी काढला?" संपादकांनी विचारलं.

"पुतण्यानं. नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं. जसा काढला तसाच हाय."

ते दोघं दाराशी खुर्च्या टाकून बसले. संपादक माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बघ नीट."

मी फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि नोटपॅडमध्ये उघडली. असल्या फाईलीत सगळी अगम्य अक्षरं दिसतात, पण सुरुवातीला कधीकधी वाचता येईल असं काही असतं. आमच्या फोटोग्राफरने उसन्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो माझ्याकडे होता. त्यात कॅमेऱ्याचं नाव, तारीख, वेळ, सगळं होतं. यात कॅमेऱ्याचा पत्ताच नव्हता. होतं फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचं नाव.

"म्हणजे खोटा?"

"नाही सर. नुसता उजळ करून सेव्ह केला तरी असंच होतं. पण 'जसा काढला तसाच' हे खरं नाही."

संपादक दाराकडे वळले. "कॅमेऱ्यातली मूळ फाईल आणून द्या."

"पुसली ती," दुसरा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "बाई कन्हेरीच्या ना तुमी?"

मी फोटो मोठा करत गेले. पाण्याच्या काळ्या भागात लाल-निळे बारीक ठिपके होते. कमी उजेडात डिजिटल कॅमेरा असे ठिपके टाकतोच. चाचांच्या अंगातल्या गडद कोटावर ते नव्हते. तिथं रव्यासारखे करडे, भरड कण होते, कागदावरचा फोटो स्कॅन केल्यावर दिसतात तसे. कॅनवरही तेच.

फोटोग्राफर शेजारी येऊन बसला. "कॉन्ट्रास्ट वाढव."

वाढवला, तसे चौकोन दिसायला लागले. फाईल लहान करताना चित्राचे बारीक चौकोन पडतात, आणि ते सगळीकडे एकाच जाळीत बसतात. पाण्यावरचे बसत होते. माणसावर मात्र त्या जाळीखाली दुसरी एक जाळी अंधूक दिसत होती, थोडी सरकलेली. आधी कुठंतरी सेव्ह झालेला तुकडा कापून इथं चिकटवला होता.

"झालं का न्हाय?" दारातून आवाज आला.

एक खूण फसवी असू शकते. तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. संपादक दाराशी गेले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "फोटो जोडलेला आहे. आम्ही छापणार नाही."

"दुसरे छापतील," पहिला म्हणाला. फ्लॉपी उचलून ते निघून गेले. जाताना दुसऱ्याने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

संपादकांनी लगेच आजूबाजूच्या पेपरांना फोन लावले, मग पोलिसांना. त्या दिवशी एस.टी.ने जायची माझी छाती झाली नाही. फोटोग्राफरने मला स्कूटरवर सोडलं. मागून येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे मी वळून बघत होते.

फोटो कुठंच छापून आला नाही. पुढं पाण्याची तपासणी झाली. पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे मेले, असं सरकारी माणसांनी सांगितलं. आम्ही तेही छापलं.

काही दिवसांनी चाचा ऑफिसात आले. फोटो बघायचाय म्हणाले. कॉम्प्युटरवर प्रत राहिली होती, ती मी उघडली. त्यांनी वाकून कोटावर बोट ठेवलं.

"हा कोट मी एकदाच घातला, बेटी. पोरीच्या लग्नात. पंगतीला पाणी कमी पडलं म्हणून मीच कॅन घेऊन पिंपात ओतत होतो."

"लग्नातला तो फोटो कुणाकुणाकडे आहे?" मी विचारलं.

"अल्बम घरात हाय. थोड्या प्रती वाटल्या. सगळे जेवून गेलेले लोक." ते खुर्चीत बसले. संपादक म्हणाले, "नावं सांगा, तक्रार करू."

चाचांनी मान हलवली. "नको साहेब. नाव कळलं, तर त्याच्या शेजारी राहू कसा?"

मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात घेतला, पण प्यायले नाहीत.