पाच नंबरचं पाकीट

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत, सिनेमा यायच्या आधी महिनाभर त्याचे नुसते तुकडे का दाखवतात, सरळ सांगून का टाकत नाहीत. मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं आणि विषय बदलला. खरं उत्तर लांब आहे, म्हणून लिहून पाठवते आहे. आत्ताच लिहिण्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या धाकट्या आजीचा उजवा हात या पावसाळ्यापासून कापतो. परवा दुधाच्या चिठ्ठीवर तिने सही केली, ती तिची तिलाच ओळखू आली नाही. तिच्या अक्षराची ही गोष्ट आहे.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. ही गोष्ट घडली तेव्हा ती सरकारी कचेरीत कारकून होती आणि संध्याकाळी आमच्या गावातल्या हौशी नाटकमंडळीसाठी नाटकं लिहायची, बसवायची. मी शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. मंडळीत माझं काम कागदपत्रांचं: तालमींचं वेळापत्रक, कपड्यांची यादी, सभागृहाचा अर्ज.

तिच्या आधीच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला अठरा माणसं होती. त्यातली अकरा आमच्या घरची. त्यानंतरच्या बैठकीत मंडळीचे अध्यक्ष, स्वतःची आंब्याची बाग असलेले वयस्कर गृहस्थ, सुपारी कातरत म्हणाले, "वहिनी, तुमचं लिखाण चांगलंच आहे. पण रिकाम्या खुर्च्यांना काय कळतंय? आता एक संधी घ्या. भरलं नाही, तर पुढच्या वर्षापासून आपली मुंबईत चाललेली नाटकंच करू."

धाकटीने मान हलवली. घरी येताना रिक्षात ती मला म्हणाली, "ताई, हे नाही भरलं तर मी लिहिणार नाही. अध्यक्ष म्हणतात म्हणून नाही. मलाच परत तसं उभं राहवणार नाही."

नव्या नाटकाचं नाव होतं 'आतून कडी'. मुलीच्या लग्नाच्या दिवशी एक बाई खोलीत जाऊन आतून कडी लावते आणि बाहेर येत नाही. जाहिरातीची कल्पना माझी. मुंबईच्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की आधी कुतूहल जागवायचं आणि नाव शेवटी सांगायचं. आम्ही ठरवलं: भिंतीवर कागद लावायचे नाहीत, रिक्षातून भोंगा फिरवायचा नाही. सगळे पैसे गावातल्या दैनिकात घालायचे. पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, दोन कॉलम रुंद, सोमवार ते शनिवार रोज एक चौकट. शनिवारी संध्याकाळी प्रयोग.

शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी एक दार सहा वेळा काढून दिलं. पहिल्या दिवशी दार बंद, अक्षर एकही नाही. दुसऱ्या दिवशी फट आणि खाली ओळ: 'आत कोणीतरी आहे.' तिसऱ्या दिवशी आणखी उघडलेलं: 'ती बाहेर येत नाही.' चौथ्या दिवशी अर्ध्याहून जास्त उघडं दार आणि एकच शब्द: 'का?' पाचव्या, म्हणजे शुक्रवारच्या चौकटीत नाटकाचं नाव, सभागृह आणि 'उद्या संध्याकाळी साडेसहा, तिकीटविक्री सुरू'. सहाव्यात सताड उघडं दार आणि 'आज'. सगळ्या चौकटी बटर पेपरवर छापून घेतल्या. मी सहा पाकिटं केली, प्रत्येकावर सुवाच्य आकडा घातला, एक ते सहा, आणि दैनिकाच्या जाहिरात विभागातल्या माणसाच्या हातात दिली. रोज एक, क्रमाने. त्याने ती खणात ठेवली. मंडळीतल्या सगळ्यांनी नाव बाहेर न सांगण्याची शपथ घेतली. सभागृहाच्या फळ्यावरसुद्धा चादर टाकून ठेवली होती.

बुधवारपर्यंत गावात त्या दाराचीच चर्चा. बँकेतल्या रांगेत माझ्या पुढचे दोघे पैजेवर आले होते की ही नव्या लॉकरची जाहिरात आहे. मासळीवालीने मला विचारलं, "बाई, त्या दारात कोण बसलीय ती? सासू असणार." लाकडाच्या वखारवाल्याकडे तिघेजण तसलं दार मागून गेले म्हणे. धाकटी हे सगळं ऐकून हसायची आणि लगेच तालमीला निघायची.

गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन ओटीवर पेपरची वाट बघत बसले. आज 'का?' यायचा होता. साडेसात झाले, आठ झाले. शेजारच्या ओटीवरही पेपर दिसेना. तुमचे आजोबा आतून म्हणाले, "आज कुठला पेपर? काल सव्वीस जानेवारी नाही का झाला. काल सगळे सुट्टीवर, मग आज काय छापणार?"

मी कप खाली ठेवला. मला आधी फक्त एक दिवस गेल्याचं वाईट वाटलं. मग पाकिटांवरचे आकडे डोळ्यांसमोर आले. आकडेच. तारखा मी घातल्याच नव्हत्या. उद्या शुक्रवारी तो माणूस क्रमाने चौथं पाकीट छापणार. शनिवारी पाचवं. त्यात लिहिलंय 'उद्या'. गाव रविवारी संध्याकाळी बंद सभागृहापुढे येऊन उभं राहणार, आणि शनिवारी धाकटी पुन्हा रिकाम्या खुर्च्यांपुढे.

तिला सांगायला मी तिच्या खोलीत गेले. ती साडीला इस्त्री करत होती. ऐकून तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि म्हणाली, "ऑफिस कितीला उघडतं त्यांचं?"

"तीनला."

"मग रजा टाकते. दोघी जाऊ."

आजोबा म्हणाले, रिक्षावर भोंगा लावू. पण पोलिसांची परवानगी आधी काढावी लागते, आणि मंडळीतल्या कोणीच तसा अर्ज केलेला नव्हता. आम्हीच नको म्हटलं होतं.

तीन वाजता दैनिकाच्या कचेरीत पोचलो तर जाहिरात विभागाच्या टेबलावर कोणी नाही. तो सुट्टीला जोडून रजा घेऊन आंजर्ल्याला घरी गेलेला. खणाला कुलूप, चावी त्याच्याबरोबर. तिथे त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. त्याला बोलावून आणेपर्यंत आम्ही रिसीव्हर धरून उभ्या. तो म्हणाला, "आता निघालो तरी पोचेपर्यंत तुमचं पान गेलेलं असेल हो. उद्या सकाळी येतोच. चार नंबर मात्र बाहेर काढून ठेवलाय, पान लावणाऱ्याकडे."

पान लावणारा माझा जुना विद्यार्थी निघाला, नाटे गावचा, मच्छीमारांच्या घरातला. उजेडाच्या काचेच्या टेबलावर पान पसरून तो तुकडे चिकटवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने चिमट्यातला तुकडा जागेवर बसवला आणि मग वर बघितलं.

"बाई, उत्तरपत्रिकेवर तारीख नसली की तुम्ही आमचे दोन मार्क कापायचात."

"हो."

"आज किती कापायचे?"

"सगळे काप. पण आधी हे सोडव."

तो म्हणाला, इथे दोनच संगणक, एकावरचा माणूस रजेवर, दुसऱ्यावर बातम्या अडकल्यात. पहिलं पान साडेपाचला छपाईसाठी फोटो काढायला कॅमेऱ्याकडे जाणार. नवी चौकट जुळवून घ्यायला वेळ नाही. फार तर आहे हीच चौकट काढून तिथे दुसरी बातमी घालतो, पैसे परत मिळतील.

"चौकट द्या बघू," धाकटी म्हणाली.

त्याने चार नंबरचा बटर पेपर दिला. दाराच्या उघड्या भागात पांढरी जागा होती, तीन बोटं रुंद. तिने ती बोटांनी मोजली. "यात हाताने लिहिलं तर छापून येईल?"

"येईल. काळ्या शाईने लिहा, निळी कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि खोडता येणार नाही. कागद एकच आहे."

तिने आधी एका रद्दी कागदावर तेवढीच चौकट आखली आणि लिहून बघितलं. सभागृहाचं नाव मावेना. दुसऱ्यांदा वेळ बाहेर गेली. माझ्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "तिकीटविक्री काढून टाक."

"ताई, जरा बोलू नका."

तिसऱ्यांदा मावलं. मग तिने त्याचं पेन घेतलं, पदराला तळहात पुसला आणि बटर पेपरवर वाकली. पंचवीस वर्षं सरकारी दप्तरात लिहिलेलं गोल, सरळ अक्षर. 'आतून कडी.' खाली सभागृह. खाली 'उद्या, शनिवारी, संध्याकाळी साडेसहा.' शेवटी 'तिकिटं तिथेच.' शेवटच्या अनुस्वारापर्यंत मी श्वास धरून होते. शाई वाळेपर्यंत तिने कागदाला कोणाला हात लावू दिला नाही. पाच पंचवीसला तो तुकडा पानावर बसला.

शुक्रवारी पेपर सात वाजता आला. खाली कोपऱ्यात दार, त्यावर 'का?' आणि दाराच्या आत तिचं अक्षर. आजूबाजूच्या छापील मजकुरात ते एखाद्याने आतून लिहून ठेवलेल्या चिठ्ठीसारखं दिसत होतं. दहा वाजता मी दैनिकाच्या कचेरीत जाऊन आंजर्ल्याहून आलेल्या त्या माणसाकडून पाच नंबरचं पाकीट परत घेतलं, आणि सहाव्या पाकिटावर त्याच्यासमोर तारीख घातली.

त्या दिवशी खिडकीवर किती तिकिटं गेली ते धाकटीने विचारलं नाही आणि मीही नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला आम्ही दोघी पडद्याआड उभ्या होतो. बाहेरून आवाज येत होता, पण माणसांचा आवाज किती माणसांचा आहे हे आतून कळत नाही. धाकटी म्हणाली, "तुम्ही बघा. मी नाही बघत."

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. मागच्या तीन रांगा मोकळ्या होत्या. बाकी सगळीकडे डोकी होती. अध्यक्ष तिसऱ्या रांगेत, शेजारी कोणीतरी अनोळखी बसलेला म्हणून अंग चोरून. तिकिटाच्या खिडकीवर बसलेल्या आमच्या सभासदाने नंतर सांगितलं की एक बाई कात्रण घेऊनच आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे हाताने लिहिलेलं नाटक इथेच ना?"

धाकटीला मी एवढंच सांगितलं, "मागच्या तीन रांगा रिकाम्या आहेत." तिने डोळे मिटले आणि मान हलवली. मग म्हणाली, "तीनच?"

अध्यक्षांनी मुंबईच्या नाटकांचा विषय पुन्हा काढला नाही. धाकटीने त्यानंतर आणखी चार नाटकं लिहिली, त्यातलं शेवटचं गावाबाहेर, अलोऱ्याच्या सरकारी वसाहतीतही झालं. त्या सगळ्यांच्या जाहिरातींच्या पाकिटांवर मी तारीख आणि वार दोन्ही घातले. पान लावणाऱ्याने तो बटर पेपर तिला परत दिला होता. तो त्याच वर्षी पावसात ओलसर होऊन फाटला.

पाच नंबरचं पाकीट माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. त्यातली चौकट कधी छापली गेली नाही. तिच्या मागे शुक्रवारच्या पेपरचं कात्रण घडी घालून ठेवलंय. कागद पिवळा पडलाय, पण धाकटीचं अक्षर अजून नीट वाचता येतं.