सहा फ्यूज आणि एक काळी वायर

आमच्या कॉलेजच्या रोबोला चार मोटारी होत्या आणि एक कॅप्टन. मोटारी बॅटरीवर चालत, कॅप्टन कौतुकावर. तो शेवटच्या वर्षाचा, नगर शहरातला. मी दुसऱ्या वर्षाचा, घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. मला तो माझ्या तालुक्यावरून ‘कोपरगाव’ म्हणून हाक मारी.

पुण्याच्या स्पर्धेला टीममधल्या पाच जणांनी जायचं होतं. मी सहावा. वीजवाटप मी आखलं होतं. ते नीट चाललं तर माझा विचार होणार होता.

बॅटरी बारा व्होल्टची. तिच्याजवळ मुख्य फ्यूज, पुढे प्रत्येक मोटारीच्या बोर्डाला वेगळा, आणि बारा व्होल्टचे पाच करणाऱ्या बक कन्व्हर्टरला एक छोटा. ते पाच व्होल्ट कंट्रोलरला, म्हणजे रोबोच्या मेंदूला. सगळ्यांच्या परतीच्या काळ्या वायरी मात्र आपापल्या वाटेने येऊन बॅटरीजवळच्या एकाच बोल्टवर.

“सहा फ्यूज! कोपरगाव, हा रोबो आहे का तुमच्या गावचा विजेचा डीपी?”

सगळे हसले. मीही हसलो. बरं दिसतं म्हणून.

प्राचार्य बघायला येणार त्या सकाळी कॅप्टनने वायरी ‘आवरल्या’. कंट्रोलरची लांब काळी वायर त्याने कापली आणि शेजारच्या मोटार-बोर्डाला जोडली. “काळ्या काळ्या सगळ्या एकच की रे!” चारही मोटार-बोर्डांच्या काळ्या वायरीही त्याने एकाच बारीक वायरीला जोडून ती बोल्टवर नेली. फोटोत छान दिसत होतं. मग हळदकुंकू, नारळ.

चाकं अधांतरी असताना रोबो गोड फिरला. जमिनीवर ठेवला, चारही मोटारींनी एकदम जोर केला आणि कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू झाला. पुन्हा तेच.

“सर, ह्याच्या फ्यूजमध्ये करंट अडतोय,” कॅप्टन म्हणाला. “काढून जाड तार टाकतो.”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येईना म्हणून मीटर काढला. एक टोक बोल्टवर, दुसरं कंट्रोलरच्या काळ्या वायरीवर. “दादा, आता चालवा.”

तिथे शून्याच्या आसपास असायला हवं होतं. सव्वा व्होल्ट आले.

“आमच्याकडं,” मी चाचरत म्हणालो, “चार रानांचं पाणी एकाच अरुंद चरातून काढलं की ते तुंबून वर चढतं. इथं मोटारींचा परतीचा करंट तुंबतोय, कंट्रोलरची काळी बाजू वर उचलतोय. म्हणून त्याला पाचातले पावणेचारच मिळतात.”

मी सगळ्या काळ्या वायरी पुन्हा आपापल्या वाटेने त्याच एका बोल्टवर नेल्या. सहाही फ्यूज जागेवरच होते. रोबो हॉलच्या टोकापर्यंत गेला आणि वळून परत आला.

“किरकोळ ट्यूनिंग राहिलं होतं, सर,” कॅप्टन म्हणाला.

प्राचार्यांनी त्याची पाठ थोपटली आणि मला विचारलं, “तू पण टीममध्ये आहेस का?”

संध्याकाळी यादी लागली. पाच नावांखाली सहावं माझं होतं, पुढे कंसात: साहित्य सांभाळणे. मी कॅप्टनला थँक्यू म्हणालो. मनापासून म्हणालो, हे आज जास्त बोचतं.

पुण्याला निघताना मात्र वायर कापायचा कटर माझ्या पिशवीत ठेवला आणि पिशवी मांडीवर. साहित्य सांभाळायचं होतं ना.