आईची कोंबडी आणि एक दशांश तीन

अंडं पुरेसं उबेत आहे की गार पडलंय हे पाहायची आमच्या आईची एक रीत होती. ती डोळा मिटायची आणि अंडं पापणीवर टेकवायची. कामाने हाताला घट्टे पडलेले, त्यामुळे हातावर तिचा भरवसा नव्हता. करकंबला राहणारी माझी थोरली बहीण, आमची अक्का, अजून तसंच करते. मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते, आणि मला तो निव्वळ अडाणीपणा वाटायचा. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आई गेली तेव्हा अक्काने मागून घेतल्या त्या फक्त कोंबड्या. काळ्या अंगाच्या, मानेवर तांबूस झाक असलेल्या. माहेरी मला कळायला लागल्यापासून त्याच जातीच्या कोंबड्या दारात होत्या. मागच्या दिवाळीत अक्का म्हणाली, "यंदा एक बी खुडूक बसंना बग. अंडी हायती, पर उबवायची कुणी?" आणि मी तोंड उघडलं. शाळेच्या प्रयोगशाळेत आर्डुइनो, म्हणजे तळहाताएवढा संगणकाचा बोर्ड, धूळ खात पडला होता. म्हटलं, मी पेटी करते.

केलीही. थर्मोकोलचा खोका, आत आर्डुइनोने चालूबंद होणारा बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी, बाहेर अंश दाखवणारा छोटा पडदा. सात रस्ता चौकातल्या दुकानातून थर्मिस्टर आणला, धातूच्या नळीत बंद केलेला. थर्मिस्टर म्हणजे ऊब वाढली की ज्याचा रोध कमी होतो असा रोधक. पंचवीस अंशांना माझ्याकडच्याचा रोध दहा हजार ओहम. त्याच्या डोक्यावर दहा हजारांचाच एक साधा रोधक जोडला, दोघांना मिळून पाच व्होल्ट दिले, थर्मिस्टरचं दुसरं टोक ग्राउंडला आणि मधल्या सांध्यावरची तार अॅनालॉग पिनला. आर्डुइनो त्या सांध्यावरचा व्होल्टेज शून्य ते एक हजार तेवीस अशा आकड्यात सांगतो. पंचवीस अंशांना दोघांचे रोध सारखे, म्हणून आकडा निम्मा, पाचशे अकराच्या आसपास. ऊब वाढेल तसा तो उतरत जातो.

तो आकडा म्हणजे अंश नव्हेत. आधी त्यावरून थर्मिस्टरचा रोध काढायचा: एक हजार तेवीसमधून आकडा वजा करायचा, उरलेल्याने आकड्याला भागायचं आणि दहा हजारांनी गुणायचं. तो रोध पंचवीस अंशांच्या रोधाच्या किती पट आहे ते पाहून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, त्याला थर्मिस्टरच्या बीटा या स्थिरांकाने भागायचं, त्याच्या पाकिटावर तो ३९५० लिहिला होता. त्यात २९८.१५चा व्यस्तांक मिळवायचा, कारण पंचवीस सेल्सिअस म्हणजे तितके केल्विन. आलेली संख्या उलटी केली की केल्विन मिळतात, त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. चार ओळींचं काम. पहिल्याच झटक्यात बरोबर चाललं म्हणून मी स्टाफरूममध्ये दोन दिवस मिरवले.

स्वस्तातला थर्मिस्टर थोडा इकडेतिकडे असतोच. म्हणून शेवटी एक दुरुस्तीचा आकडा, ऑफसेट, मिळवायचा असतो. मी चहाच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं आणि नळी बुडवली. पडद्यावर आलं ९८.७. उकळतं पाणी म्हणजे शंभर, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. मी ऑफसेट लिहिला: अधिक १.३. पुन्हा बुडवली. बरोबर शंभर! मला इतका आनंद झाला की त्याच पाण्यात पत्ती टाकून चहा केला.

वीस अंडी ठेवली, पेटी साडेसदतीस अंशांवर. पाचव्या दिवशी अक्का बाजाराला आली ती पेटी पाहायला घरी आली. एक अंडं उचललं, डोळा मिटला, पापणीला लावलं.

"गार लागतंय की गं."

"अक्का, पडद्यावर बघ. साडेसदतीस. दशांशापर्यंत दाखवतंय."

"ते दाखवू दे. मला गार लागतंय."

"तुझ्या पापणीला दशांश कळतो का?" मी विचारलं. तिने अंडं परत जागेवर ठेवलं. माझ्या शिक्षणापुढे ती नेहमी गप्प बसते आणि मला ते बरं वाटतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

एकविसाव्या दिवशी एकही कवच तडकलं नाही. तेविसाव्या दिवशी चार पिल्लं धडपडत बाहेर आली, त्यांना पायांवर उभं राहता येत नव्हतं. चारही दोन दिवसांत गेली. बाकीची अंडी फोडून पाहिली तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं, बाहेर यायची ताकद नसलेली. आणि मी अक्काला फोनवर काय म्हणाले? "अंडीच जुनी असतील."

जानेवारीत अक्काच्या खुराड्यात कुत्री शिरली. कोंबडा गेला आणि दोन सोडून सगळ्या कोंबड्या गेल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी ती एसटीने माझ्या दारात आली, हातात गव्हाने भरलेला डबा. गव्हात खुपसलेली अकरा अंडी.

"ही शेवटची," ती म्हणाली. "कोंबडाच ऱ्हायला न्हाय, आता पुढं फळणारी अंडी येतील का? गावात खुडूक कोंबडी कुणाकडंच न्हाय. यातनं कोंबडा निघाला तर आईची कोंबडी ऱ्हाती, न्हायतर संपली."

"अक्का, मागच्या वेळेला..."

"मागचं ऱ्हाऊ दे. तुजी पेटी कुटं चुकली ते शोध. तुला येतंय ते."

मला रडू आलं असतं, पण ती असताना रडणं मला परवडणारं नव्हतं. अंडी जितके दिवस ठेवाल तितकी बिघडतात. चार दिवस आधीच गेले होते. मी स्वतःला तीन दिवस दिले.

पहिला दिवस तारांचा. सगळे सांधे उपसून पुन्हा डाग दिले. साधा रोधक मीटरवर मोजला, दहा हजारांना वीस ओहम कमी, म्हणजे ठीकच. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन सूत्र हाताने सोडवलं. साडेसदतीस अंशांना आकडा ३७८ यायला हवा, हे दोनदा काढलं. सूत्रात चूक नव्हती. त्या संध्याकाळी मी आमच्या यजमानांवर उगाच ओरडले. ते बिचारे फक्त भाजी कुठली विचारत होते. "तू हट्टाला पेटली आहेस," ते म्हणाले. पेटलेच होते. डबा ओट्यावर होता आणि येता-जाता मला दिसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीला पुण्याच्या गाडीवर सोडायला स्टेशनवर गेले. गाडी सुटली. मी मुकाट फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले, घरी जाऊन डब्याकडे पाहायचं धाडस होत नव्हतं. तिथे ती पिवळी पाटी. तीन भाषांत सोलापूर, आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची, साडेचारशे मीटरच्या आसपास. वर्षातून दहा वेळा मी त्या पाटीखालून जाते.

मी तिथेच उभी राहिले. उंचीवर पाणी लवकर उकळतं हे मी दरवर्षी शिकवते. दरवर्षी उदाहरण महाबळेश्वरचं देते, तिथे डाळ कशी उशिरा शिजते. आणि स्वतःच्या गावाला समुद्रात बसवून मोकळी होते! दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. सोलापुरात पाणी साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं. थर्मिस्टर ९८.७ म्हणत होता तो जवळजवळ खरंच सांगत होता. मीच त्याला पुस्तकातल्या शंभरावर नेऊन बसवलं होतं. म्हणजे पेटी साडेसदतीस दाखवायची तेव्हा अंड्यांना एक-सव्वा अंश कमी ऊब मिळत होती. अक्काच्या पापणीने तेवढंच सांगितलं होतं.

रिक्षा केली. वाटेत रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला. बर्फ चुरून पाण्यात कालवला आणि नळी बुडवली. वितळत्या बर्फाला उंचीशी देणंघेणं नसतं, तिथे शून्य यायला हवं. आलं १.२, म्हणजे जवळजवळ मी मिळवलेला ऑफसेटच.

तरीही मी ऑफसेट पुसून गप्प बसले नाही. आता मला अंदाज नको होता. जिथे मोजायचं आहे तिथेच ताडून बघायचं, उकळत्या पाण्यात नाही. तिथे तर आकडा एकाने हलला की अर्धा अंश बदलतो. अंड्यांच्या उबेला तेच दहा आकड्यांना एक अंश. थर्मासमध्ये कोमट पाणी घेतलं, कपाटातला पाऱ्याचा तापाचा थर्मामीटर झटकला, नळी आणि तो शेजारी शेजारी धरून पाच मिनिटं ठेवले. पारा शंभर फॅरेनहाइटवर, म्हणजे ३७.८ सेल्सिअस. पडद्यावर ३८.९. पुन्हा झटकला, पुन्हा ठेवला. पाच वेळा. दरवेळी एक दशांश एकचा फरक. १.३मधून १.१ गेले, उरले ०.२. मी ऑफसेटची ओळ खोडली आणि लिहिलं: अधिक ०.२.

दुपारी अंडी ठेवली. प्रत्येकावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दिवसातून तीन वेळा उलटायची. मग अक्काला फोन केला. म्हटलं, "अंडी जुनी नव्हती. चूक माझी होती. तू सांगितलेलं खरं होतं."

अक्का म्हणाली, "बरं. पाण्याची वाटी भरून ठिव."

पाचव्या दिवशी ती मुद्दाम आली. अंडं उचललं, डोळा मिटला, पापणीला लावलं. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"आता हाय," ती म्हणाली. मग ते अंडं तिने माझ्या पापणीवर टेकवलं. वय वर्षं पन्नास, आणि मी पहिल्यांदा तसं केलं. ऊब कळली. किती अंश ते नाही कळलं, पण आईचा हात आठवला आणि मग मात्र मी रडले.

एकविसाव्या दिवशी सकाळी पहिलं कवच तडकलं. अकरापैकी सात निघाली, सातही पायांवर उभी. अक्काने खोक्यात घालून नेली. कोंबडा आहे की सगळ्या तलंगा, ते तेव्हा कळायला मार्ग नव्हता. मी रोज फोन करायची, ती रोज म्हणायची, "दम धर की."

मेच्या सुट्टीत एका सकाळी तिचाच फोन आला. हॅलो म्हटलं तर ती बोलेना. पुन्हा हॅलो म्हटलं. मग पलीकडून कोंबडा आरवला, कोवळा, अर्ध्यात चिरकणारा. तिने फोन त्याच्यापुढे धरला होता.