चाकणचा व्हॅम्पायर आणि मूठभर मोहरी

सांगलीहून एसटीनं आले, भोसरीला उतरून शेअर रिक्षात बसले, तर मांडीवर शेजारणीचा डबा आणि बॅगेत व्हॅम्पायरवरची, म्हणजे मेल्यावर उठून रक्त पिणाऱ्या भुतावरची पुस्तकं. ती निवांत वाचायला चाकणला मावशीकडे निघाले होते. ट्रकांच्या रांगेत तासभर अडकले. निवांत म्हणे!

मावशीनं चहाआधीच कानाशी लागून सांगितलं, "वरचा इकास मानूस न्हाई गं! दिवसा काळे पडदे लावून झोपतो, पांढराफटक हाय, लसणाचा ठेचा दिला तर परत केला. सुनेनं मोबाइलवर पिच्चर दावला, त्यात अक्षी असंच! उद्या खोली खाली कर म्हननार हाय."

इकास म्हणजे वरच्या खोलीतला भाडेकरू विकास, बीडचा, कंपनीत रात्रपाळीला. रविवारी त्याची बायको आणि लेक कायमच्या राहायला येणार होत्या. खोली गेली तर त्या उतरणार कुठे?

"अगं मावशी, हे नियम मागाहूनचे. उन्हानं जळून मरणं सिनेमानं आणलं, आरशात न दिसणं कादंबरीनं, गोरा उमराव लेखकांनी. पूर्व युरोपातल्या खेड्यांतला मूळचा व्हॅम्पायर म्हणजे गावचाच मेलेला शेतकरी, लालबुंद नि फुगलेला. घरात रोगानं माणसं एकामागून एक दगावली, की आधी मेलेल्याचं थडगं उकरायचे. कुजताना वायूनं प्रेत फुगतं, तोंडातून लालसर पाणी येतं, कातडी आकसून नखं वाढल्यासारखी दिसतात. लोकांना वाटे, रक्त पिऊन ताजा झालाय! मग खुंटा ठोकून जमिनीला खिळवायचे."

"लालबुंद, फुगलेला? मंग आमचे हेच की!" मावशीनं काकांकडे बोट केलं. काकांनी पोटावरची बंडी गुपचूप खाली ओढली.

"आणि लसूण?" सुनेनं विचारलं.

लसूण मात्र खरंच जुन्या समजुतीतला, विकासच्या विरुद्ध जाणारा. विषय बदलायला मी बोलून गेले, "बारीक दाणे सांडले, तर तो एकेक मोजल्याशिवाय पुढे जात नाही, असंही मानायचे."

मावशी तडक मोहरीच्या डब्याकडे गेली. "मीठ-मोहरीनं दृष्ट आमी बी काढतो. बघूच!"

सकाळी विकास शिफ्ट संपवून आला. मावशीनं पायरीवर सांडलेली मोहरी पाहून थबकला, खाली बसला आणि चक्क एकेक दाणा वेचू लागला! वाचवायला गेले आणि मीच त्याला गोत्यात आणलं.

"मोजतूस व्हय रं?" मावशीनं दाराआडून विचारलं.

"मोजू कशाला मावशी? अन्न पायाखाली येतंय. आन् तुम्ही अनवाणी, घसराल ना. ठेचा परत केला म्हणून रागावलात का? लसणानं पित्त उठतं हो मला."

मावशी मटकन त्याच्या शेजारी बसली आणि तीही दाणे वेचू लागली. "जा बाबा, झोप जा. उन्हात किती येळ बसशील? आन् रविवारी लेकीला पयलं माज्याकडं आन."

निघताना मावशीनं तीच मोहरी पुडीत बांधून दिली. परतीच्या एसटीत पुस्तक उघडलं, पण वाचवेना. थडग्यातल्या त्या बिचाऱ्यांना विचारलं असतं, तरी ते काय सांगणार होते? आमचा विकास बोलला, एवढं नशीब.

सांगलीत घरी त्या मोहरीची फोडणी दिलेल्या पहिल्याच आमटीत दाताखाली पायरीवरची रेती कचकचली. तरी सगळी आमटी संपवली.