माणिकबाईचं नाव

गोपाळकृष्ण मास्तर मूळचे अमरावतीचे, अक्षर मोत्यासारखं आणि त्याचा गर्वही तेवढाच. पूर्णेच्या पुराचा बंदोबस्त लिहून काढायचा हुकूम तहशिलीतून आला, तेव्हा खुशालराव पाटलांनी तो त्यांच्याच गळ्यात घातला.

मास्तरांनी काम केलं मात्र चोख. घाटावरच्या दगडी खांबावर चुन्याचे तीन पट्टे ओढले. पहिल्या पट्ट्याला पाणी लागलं की कोतवालाची दवंडी आणि गुरं सोडायची. दुसऱ्याला खालच्या आळीनं उंचावरच्या शाळेत यायचं. तिसरा बुडाला की सगळं गाव वर, मग खाली कोणी उतरायचं नाही. कोणी कोणाला आणायचं, वरच्या गावाहून सांगावा कोण आणणार, तार कुठून करायची, डाक्टर कोणता, सगळं लिहून भिंतीला लावलं.

घरांची यादी करताना माणिकबाई आली होती. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं भावाच्या, नत्थुजीच्या, नदीकाठच्या गोठ्यात एकटी राहणारी.

"मास्तर, मायं बी नाव लिवा. मी खाली गोठ्यात राह्यतो."

"दिलेल्या लेकीचं नाव सासरच्या गावी असतं, बाई," मास्तर मान वर न करता म्हणाले. नत्थुजी शेजारीच बसला होता. तो आपल्या घरची पाच नावं सांगत राहिला.

भादव्यात एका दुपारी दवंडी फिरली. तासाभरात दुसरा पट्टा बुडाला. खालच्या आळीचा माणूस यादी घेऊन दारोदार फिरला. नत्थुजी त्याला नेमून दिलेले पाण्याचे रांजण शाळेत भरत होता. तिसरा पट्टा दिसेनासा झाला, तेव्हा मास्तरांनी हजेरी घेतली. नत्थुजीच्या घरची पाच, पाचही हजर. एकूण एकशे बारा, बरोब्बर. मास्तर खुशीत म्हणाले, "पाटील, एकही राहिलं नाही."

तेवढ्यात नत्थुजीचे बैल भिजत शाळेसमोर आले. दावी सोडलेली होती.

"हे कोनं सोडले?" नत्थुजीनं विचारलं, आणि लगेच ओरडला, "मायी बहीन खाली हाय."

आळीचा माणूस म्हणाला, "यादीत नव्हती ना."

सगळे मास्तरांकडे पाहू लागले. मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगावी. नियम त्यांचाच होता, खाली कोणी उतरायचं नाही. तो मोडून दोघे पट्टीचे पोहणारे कमरेला दोर बांधून उतरले. मास्तरांना पोहता येत नव्हतं. ते दोराचं टोक धरून उभे राहिले, तळहात सोलले तरी सोडलं नाही.

गोठ्याच्या आढ्यावर बसलेली माणिकबाई दिवस मावळायच्या आत वर आली. आळीतली सगळी गुरं तिनंच सोडली होती, आणि त्यातच पाण्यानं तिला वेढलं होतं. ओलीचिंब, थरथरत ती शाळेच्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मास्तर," ती सरळपणानं म्हणाली, "मायं नाव तं नाई लिवलेलं. आत येऊ का?"