चाळीस दिवसांचा एक महिना

माझी मावशी शालूबाई अमडापूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. गणितात चुकलेल्या मुलीला ती मारायची नाही, पण तेच गणित तीनदा करायला लावायची. हे मारण्याहून वाईट होतं, मी स्वतः भोगलं आहे.

साल अडतीस. तिनं घरावर टिनाचे पत्रे टाकायला चिखलीच्या सहकारी बँकेतून अडीचशे रुपये काढले होते. दर महिन्याच्या पाच तारखेला दहा रुपये मुद्दल आणि शेकडा नऊ दरानं व्याज भरायचं. पगार मात्र पंधराला. पहिले तीन हप्ते तिनं शिलकीतून भरले, पुढचे दोन पगार झाल्यावर. दोन्ही वेळा चार-चार आणे दंड.

दंडाचं तिला फारसं काही नव्हतं. पण तिसऱ्यांदा हप्ता उशिरा गेला की बँक जामीनदाराला नोटीस काढी, आणि थकलेल्या खात्याच्या जामीनदाराला स्वतःला कर्ज मिळत नसे. तिला जामीन होते उर्दू शाळेचे हबीब मास्तर. त्यांना पोरीला, फातिमाला, मास्तरणीच्या शिक्षणाला अमरावतीला पाठवायचं होतं, त्यासाठी याच बँकेत अर्ज करायचा होता. बिचाऱ्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. मावशीला त्याचीच जास्त लाज वाटे.

मग तिनं बँकेला अर्ज लिहिला. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे:

'माझा पगार दर महिन्याच्या पंधरा तारखेस होतो. तरी येत्या हप्त्यापासून हप्त्याची तारीख पाचऐवजी पंधरा करावी. बाकी मुद्दल रु. २००. बँकेच्या रिवाजाप्रमाणे महिना तीस दिवसांचा धरता दहा दिवसांचे जादा व्याज आठ आणे होते, ते मी येत्या हप्त्याबरोबर देईन. जामीनदाराची संमती खाली आहे.'

खाली हबीब मास्तरांनी लिहिलं होतं, 'तारीख बदलणे मला मंजूर आहे.'

चौथ्या दिवशी बँकेचं उत्तर आलं. जादा व्याज आठ आणे नसून पाच रुपये चार आणे होतं, ते कबूल असेल तर कळवावं. मावशी भडकली. तो शनिवार होता, महिन्याची तीन तारीख. शाळा सकाळचीच. दुपारी ती चिखलीला गेली. हबीब मास्तरही बरोबर निघाले.

बँकेचे सेक्रेटरी रंगराव हिशेबाचा कागद पुढे करून म्हणाले, "बाई, वीस हप्ते बाकी आहेत. प्रत्येक हप्त्याले दहा दिवस उशीर. दोनशेवर दहा दिवसाचं, मंग एकशे नव्वदवर, असं उतरत पार शेवटच्या दहावरलोक. बेरीज पाच रुपये चार आणे. वीस महिने दंड भरला तरी पाचच रुपये होते. दंडच परवडते तुमाले!"

"बेरीज बरोबर आहे," मावशी म्हणाली. "गणित चुकलं."

रंगरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बँकेत त्यांना असं कोणी म्हणत नसे.

"मागच्या पाचपासून या पंधरापर्यंत किती दिवस?" मावशीनं विचारलं.

"चाळीस."

"आन् या पंधरापासून पुढच्या पंधरापर्यंत?"

"तीस."

"त्याच्या पुढं?"

रंगराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले. बोटानं महिने मोजत राहिले. मावशी त्यांच्या बोटाकडे बघत होती. तिसऱ्यांदा गणित करणाऱ्या मुलीकडे ती अशीच बघत उभी राहायची.

"तीसच," ते शेवटी म्हणाले. "दहा दिवस एकदाच वाढते. मी दर महिन्याले वाढवून राह्यलो होतो."

"मंग आता व्याज सांगा."

"दोनशेवर महिन्याचं दीड रुपया. दहा दिवसाचं आठ आणे. दोन रुपये." त्यांनी आपल्या कागदावर काट मारली. "पंधराले बारा रुपये आणा. पुढच्या खेपेले एकशे नव्वदवर महिन्याचंच व्याज. शेवटचा हप्ता तेवढा दहा दिवस पुढं सरकते."

अर्जावर 'मंजूर' लिहून त्यांनी सही केली. मावशीनं नक्कल पुढे करून तिच्यावरही सही घेतली. पंधराला पगार हातात पडला तशी ती बारा रुपये घेऊन गेली. बँकेच्या वहीत तिच्या नावापुढे त्या महिन्याचा दंडाचा रकाना कोरा राहिला.

त्या दिवशीही हबीब मास्तर बरोबर होते. त्यांनी खिशातून फातिमासाठीचा अर्ज काढला. महिनाभर घडी घालून ठेवलेला, घडीवर फाटायला आलेला. रंगरावांनी तो वाचला आणि जामीनदाराच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"मास्तर, इथं कोण?"

हबीब मास्तर गडबडले. "तुमाले चालंल असा माणूस पाहून आणतो, साहेब."

"पाहाले कुठं जाता?" रंगरावांनी दौत मावशीकडे सरकवली. "बाईची सही घ्या."

मावशीनं लेखणी हातात घेतली, पण सही करण्याआधी व्याजाचा आकडा तपासून पाहिला.