तीन नंबरची कळ

माझ्या ब्लूटूथ कीबोर्डवर एक, दोन, तीन अशा वेगळ्या कळा आहेत. जी दाबावी, त्या यंत्रावर टाइप होतं: एकवर माझा लॅपटॉप, दोनवर टॅब. आई फोनवर शेंगा चटणीच्या ऑर्डरी घेते आणि काचेवर एकेक अक्षर शोधत बसते. म्हणून मी तिसरी कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरली आणि तिचा फोन जोडून दिला. तेव्हापासून ती येते, तीन दाबते, उत्तर लिहिते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. परत एक दाबायचं तिच्या गावीही नसतं.

एका दुपारी भाषांतराच्या गिऱ्हाइकाने पाचव्यांदा मजकूर बदलला. माझं डोकंच फिरलं. मान खाली घालून मी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत बडवलं, “दर वेळी बदलायचं असेल तर दुसरीकडे जा,” आणि एंटर मारलं. वर पाहिलं तर लॅपटॉपवर काहीच नाही. शेजारी आईचा फोन उघडा होता. अर्धा किलो चटणी घ्यावी की एक, हे चार दिवस ठरवणाऱ्या बाईंना माझं वाक्य गेलं होतं.

मी आईला हाक मारली. ती येईपर्यंत उत्तर आलंच: “सॉरी मावशी. दोन किलो पक्कं.”

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्याच कुणाचं तरी चॅट उघडं होतं. तीन तिने स्वतःच दाबलं.

“हे बी लई दिवस ठरवायलेत,” ती म्हणाली. “तुला राग आलाय का बघ की जरा.”